खाडीच्या गाळाचा एक पेपर: परीक्षणाला नकार आणि सुचवलेली तीन नावे

मंगळवारी संध्याकाळी प्रात्यक्षिकांच्या वह्या तपासून झाल्यावर मी मेल उघडली, तेव्हा सागरी प्रदूषणावरच्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकाचे परीक्षणाचे निमंत्रण आलेले होते. मी ठाण्यातील एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते आणि गेली चौदा वर्षे ठाणे खाडीच्या गाळात राहणाऱ्या पॉलिकीट कृमींवर काम करते. त्यामुळे अशी निमंत्रणे वर्षाला सात-आठ येतात आणि त्यांतली निम्मी तरी मी स्वीकारते. या निमंत्रणात हस्तलिखिताचे शीर्षक, लेखकांची नावे आणि गोषवारा होता. खाली स्वीकार आणि नकार असे दोन दुवे होते आणि स्वीकारल्यास एकवीस दिवसांत अहवाल द्यावा, अशी मुदत घातलेली होती. विषय होता खाडीच्या चिखलपट्टीतल्या गाळातील जड धातू आणि त्या गाळातील कृमी.

मी ते परीक्षण नाकारले आणि नाकारताना तीन पर्यायी परीक्षकांची नावे सुचवली. या कामाला दीड दिवस लागला. तेवढ्या वेळात काय काय तपासले, कोणती नावे खोडली आणि का खोडली, याची ही नोंद आहे. परीक्षकाला कळलेली माहिती गोपनीय असते, म्हणून हस्तलिखिताची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत आणि गोषवाऱ्यात काय निष्कर्ष होता, ते या लेखात कुठेही येणार नाही.

नकार का द्यावा लागला

पहिले कारण लेखकांच्या यादीतच होते. तिसरे नाव माझ्या ओळखीचे होते. चार वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी एका लेखावर एकत्र काम केले होते. एवढ्यावरून परीक्षण नाकारलेच पाहिजे असे नाही. जुने सहलेखन असेल, तर ते संपादकाला कळवावे आणि निर्णय त्यांच्यावर सोपवावा, अशीही रीत आहे. आपल्याकडे खाडीच्या गाळावर काम करणारी माणसे मोजकी आहेत, आणि प्रत्येक जुन्या सहलेखनावरून नकार द्यायचे ठरवले, तर परीक्षक उरणारच नाहीत.

दुसरे कारण मात्र निर्णायक होते. माझ्या स्वतःच्या संगणकावर त्याच चिखलपट्टीवरचे एक हस्तलिखित जवळपास पूर्ण झालेले होते. पाच हंगाम आम्ही ओहोटीच्या वेळी चिखलात उतरून नमुने घेतले, अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून गाळ धुतला, रोझ बेंगाल हा रंग टाकून गुलाबी झालेले कृमी सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून मोजले, आणि त्यावर अ‍ॅम्बी हा निर्देशांक लावला. हा निर्देशांक स्पेनच्या बास्क किनाऱ्यावरील संशोधकांनी २००० साली मांडला. त्यात तळाशी राहणाऱ्या प्राण्यांची, प्रदूषण कितपत सोसतात त्यावरून, पाच गटांत विभागणी केलेली असते आणि कोणत्या गटाचे किती प्राणी सापडले, यावरून त्या जागेची अवस्था ठरते. युरोपच्या किनाऱ्यांवर बसवलेली ही विभागणी आपल्या खाडीतल्या जातींना जशीच्या तशी लावता येते का, हा माझ्या हस्तलिखिताचा प्रश्न होता, आणि ते पाठवायला तीन महिने उरले होते. गोषवाऱ्यातल्या हस्तलिखितातही हाच निर्देशांक वापरलेला होता.

जागा तीच, पद्धत तीच आणि प्रश्नही जवळपास तोच. अशा वेळी परीक्षकाचा हेतू शुद्ध असला तरी उपयोग होत नाही. मी कडक अहवाल दिला असता आणि लेखकांना आणखी दोन हंगामांचे नमुने मागितले असते, तर ती मागणी शास्त्राला धरून असूनही तिच्यामुळे माझा लेख आधी छापून आला असता. सौम्य अहवाल दिला असता, तर ज्या विभागणीविषयी माझ्या मनात गंभीर शंका आहे, तिच्याविषयी मी गप्प बसल्यासारखे झाले असते. यांपैकी कोणता अहवाल खरा, हे संपादकाला कळायला मार्ग नव्हता आणि मलाही पूर्ण कळले असते, असे मी म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये विभागातल्या ज्येष्ठ सरांना मी एवढेच सांगितले, की माझ्याच विषयावरचा एक पेपर परीक्षणाला आला आहे आणि मी तो नाकारणार आहे. नियतकालिक, शीर्षक, लेखक यांपैकी काही सांगितले नाही. सर म्हणाले, “अहो मॅडम, घ्या की! तो चिखल तुमच्याइतका कुणाला माहीत आहे? आणि त्यांनी काय केलंय ते तुम्हाला आधीच वाचायला मिळेल.”

सरांच्या बोलण्यात दोन वेगळे मुद्दे होते आणि ते वेगळेच ठेवले पाहिजेत. दुसरा मुद्दा, म्हणजे आधी वाचायला मिळेल हा, नकाराचेच कारण आहे. प्रकाशन नीतीविषयी काम करणाऱ्या कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्स या संस्थेच्या परीक्षकांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे, की परीक्षण करण्याचा विचार नसताना केवळ हस्तलिखित पाहायला मिळावे म्हणून निमंत्रण स्वीकारू नये. पहिला मुद्दा मात्र मला दिवसभर छळत राहिला, कारण तो खरा आहे. ऐरोली, विटावा, वाशीकडच्या चिखलात कोणत्या महिन्यात कोणती जात सापडते, पावसाळ्यात गोड्या पाण्यामुळे काय उलथापालथ होते, पूर्वेकडच्या ट्रान्स ठाणे क्रीक औद्योगिक पट्ट्यातून येणाऱ्या नाल्यांची तोंडे कुठे आहेत, हे माहीत असलेला परीक्षक त्या हस्तलिखिताला मिळाला पाहिजे होता. मी बाजूला झाले, तर ते ज्ञानही बाजूला होणार होते. म्हणून नुसते ‘नकार’ दाबून मोकळे होणे मला पटेना. पर्यायी नावे सुचवणे हा सौजन्याचा भाग मानला जातो, पण माझ्या दृष्टीने या प्रकरणात ती त्या नुकसानीची भरपाई होती.

इथे एक कबुलीही द्यायला हवी. काही वर्षांपूर्वी असेच एक निमंत्रण आले असता मी परीक्षांच्या धांदलीत तीन आठवडे उत्तरच दिले नव्हते. स्वीकारही नाही, नकारही नाही. नंतर दुसऱ्या एका नियतकालिकात सहायक संपादक म्हणून दोन वर्षे काम करताना त्या गप्प बसण्याची किंमत कळली. नकार आला की संपादक लगेच पुढच्या माणसाला विचारतो. उत्तरच आले नाही, तर आधी आठवडाभर वाट पाहायची, मग स्मरणपत्र, मग पुन्हा वाट, आणि शेवटी निमंत्रण रद्द. दोन अहवाल मिळवायला सहा-सात जणांना विचारावे लागले आणि त्यांतले तिघे गप्प राहिले, तर लेखकाचे दोन महिने नुसते वाट पाहण्यात जातात. त्यात त्या लेखकाची पीएच.डी. किंवा नोकरीचा अर्ज अडकलेला असतो.

वाचलेल्या गोषवाऱ्याचे काय

निमंत्रण नाकारले तरी गोषवारा वाचून झालेला होता आणि तो न वाचल्यासारखा करता येत नाही. या टप्प्याविषयी फारसे लिहिलेले आढळत नाही, पण माझ्या मते खरी जोखीम इथेच आहे. मी त्या संध्याकाळी माझ्या हस्तलिखिताची त्या दिवशीची प्रत, आकडेवारीच्या फायली आणि आलेखांसह, वेगळी साठवून ठेवली. सोबत चार ओळींची टीप लिहिली: आजच्या तारखेला माझ्याच विषयावरच्या एका हस्तलिखिताचा गोषवारा परीक्षणाच्या निमंत्रणातून माझ्या वाचनात आला; त्या वेळी आमच्या कामाचे विश्लेषण पूर्ण होते आणि चर्चेचा विभाग लिहायचा राहिला होता. मी ही प्रत सहलेखकांनाही पाठवली, पण गोषवाऱ्यात काय होते ते कळवले नाही. ते कळवणेही गोपनीयतेचा भंगच ठरला असता.

पुढच्या दोन महिन्यांत या टिपेचा एकदा प्रत्यक्ष उपयोग झाला. चर्चेचा विभाग लिहिताना एका धातूविषयीचा परिच्छेद माझ्या मनात आयता उभा राहिला. मागे वळून पाहिले, तेव्हा आमच्या जुन्या मसुद्यांत, वहीत किंवा आपसातल्या मेलमध्ये त्या मुद्द्याचा मागमूसही नव्हता. तो कुठून आला हे मी खात्रीने सांगू शकत नव्हते, म्हणून तो परिच्छेद काढून टाकला.

नावांची यादी

आता मुख्य काम. इथे एक अडचण सुरुवातीलाच नीट समजून घेतली पाहिजे. वेळ नाही म्हणून नकार देणारा परीक्षक नावे सुचवतो, तेव्हा ती साधी मदत असते. पण ज्याचे स्वतःचे प्रतिस्पर्धी काम चालू आहे, तो नावे सुचवतो, तेव्हा त्याचा हितसंबंध नावांमधून पुन्हा मागच्या दाराने आत येऊ शकतो. माझ्या मतांशी सहमत असलेल्या दोघांची नावे दिली, की मी परीक्षण न करताही माझेच परीक्षण झाल्यासारखे होते. वर उल्लेख केलेल्या सूचनांतही हे सांगितलेले आहे: पर्यायी नावे योग्यतेवरून द्यावीत, वैयक्तिक विचारांवरून, किंवा हस्तलिखिताचा अमुक एक निकाल लागावा या हेतूने देऊ नयेत. त्यामुळे माझ्यासाठी कसोटी अशी होती, की प्रत्येक नाव मी कोणत्या कारणासाठी देते आहे, ते संपादकाला एका वाक्यात सांगता आले पाहिजे आणि त्या माणसाशी माझे काय नाते आहे, तेही त्याच वाक्याच्या शेजारी लिहिता आले पाहिजे.

मी कागदावर आधी माणसांची नावे लिहिली नाहीत. गोषवाऱ्यावरून त्या हस्तलिखिताचे तीन भाग पाडले. गाळातले धातू कसे मोजले आणि आकडे कसे वाचले, हा पहिला. कृमींची ओळख बरोबर आहे का, हा दुसरा. निर्देशांक नीट लावला आहे का आणि त्यावरून काढलेला अर्थ टिकतो का, हा तिसरा. हे तिन्ही एकाच माणसाला येणे कठीण असते. धातूंचा जाणकार कृमींची यादी डोळे झाकून मान्य करतो आणि कृमींचा जाणकार धातूंचे तक्ते ओलांडून पुढे जातो. गाळाच्या कामात हे फार घडते. उदाहरणार्थ, बारीक चिखल धातूंना धरून ठेवतो आणि वाळू धरत नाही. म्हणून दोन ठिकाणच्या धातूंची तुलना करताना कणांच्या आकाराचा फरक काढून टाकावा लागतो, आणि त्यासाठी बहुधा अ‍ॅल्युमिनियमशी गुणोत्तर काढतात. ते केले नसेल, तर जिथे नुसता चिखल जास्त आहे, ती जागा प्रदूषित दिसते. कृमींचा परीक्षक हे विचारीलच असे नाही.

तीन भागांसमोर मिळून सहा नावे सुचली. त्यांतली तीन खोडली.

पहिले खोडलेले नाव माझ्या एका विद्यार्थिनीचे. आता ती नवी मुंबईतल्या एका महाविद्यालयात शिकवते, कृमी ओळखण्यात माझ्याहून वाकबगार आहे आणि विषयाच्या दृष्टीने तिच्याइतके योग्य नाव दुसरे नव्हते. पण ती माझ्या त्याच हस्तलिखिताची सहलेखक आहे, म्हणजे जो हितसंघर्ष मला, तोच तिला. मी नाकारून तिचे नाव देणे म्हणजे काम एका हातातून त्याच माणसाच्या दुसऱ्या हातात देणे झाले असते. लेखात सहभाग नसता, तरीही आपल्या विद्यार्थ्याचे नाव देताना ते नाते सांगावेच लागते.

दुसरे नाव गोव्यातील एका ज्येष्ठ संशोधकाचे होते. त्यांच्याविषयी मला काहीच शंका नव्हती आणि मी ते जवळजवळ पक्के केले होते. तरीही सवयीप्रमाणे साहित्य शोधण्याच्या संकेतस्थळावर त्यांचे आणि हस्तलिखिताच्या प्रत्येक लेखकाचे नाव जोडीने टाकून पाहिले. दुसऱ्या लेखकाबरोबर दीड वर्षापूर्वीचा एक संयुक्त लेख निघाला. किती जुने सहलेखन चालते, याविषयी नियतकालिकांत एकच नियम नाही. माझ्या पाहण्यात तीन ते पाच वर्षांचा काळ धरतात. दीड वर्ष कोणत्याही मोजमापाने अलीकडचेच. हा शोध घ्यायला प्रत्येक नावामागे पाच-सात मिनिटे लागतात. लेखक चार असतील, तर चार जोड्या तपासायच्या. संपादकही हे तपासतोच, पण आपण दिलेले नाव तिथे बाद झाले, तर त्याचा वेळ वाया जातो आणि आपल्या पुढच्या शिफारशीचे वजनही कमी होते.

तिसरे नाव या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक असलेल्या एका मोठ्या प्राध्यापकांचे होते. ते मी हितसंबंधामुळे खोडले नाही. त्यांचे नाव संपादकाला माझ्याशिवायही सुचणार होते, त्यांच्याकडे निमंत्रणांचा ढीग असतो आणि त्यांचा नकार जवळपास ठरलेला होता. ज्याचे नाव संपादकाला सहज सापडत नाही, पण ज्याला काम खरोखर येते, त्याचे नाव देण्यातच शिफारशीचा अर्थ आहे.

उरलेली तीन नावे अशी. धातूंसाठी केरळमधील एका विद्यापीठातले भूरसायनशास्त्रज्ञ. त्यांनी खाडी आणि कायल, म्हणजे तिकडचे बॅकवॉटर, यांच्या गाळावर बरेच काम केले आहे आणि कणांच्या आकाराचा प्रश्न ते सोडणार नाहीत. त्यांना मी कधी भेटलेली नाही. निर्देशांकासाठी पोर्तुगालमधील एक संशोधक. इथे मी स्वतःला एक गोष्ट मुद्दाम विचारली: हिचे मत माझ्या बाजूचे आहे म्हणून तर मला हे नाव सुचले नाही ना? प्रत्यक्षात तिच्या दोन लेखांत तिने या निर्देशांकाची बाजू घेतलेली आहे, म्हणजे माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध. पण विरुद्ध आहे म्हणून देणे हाही एक कलच झाला असता. देण्याचे कारण एवढेच, की उष्ण प्रदेशातल्या खाड्यांत हा निर्देशांक लावून पाहणाऱ्यांपैकी ती एक आहे आणि तिचे लेख नेटके आहेत. तिसरे नाव कृमींच्या वर्गीकरणावर पीएच.डी. झालेल्या, पश्चिम किनाऱ्यावर काम केलेल्या एका तरुण संशोधकाचे. त्याचे परीक्षणाचे अनुभव कमी, पण पॉलिकीटच्या जबड्यांचे आणि शूकांचे, म्हणजे अंगावरच्या राठ केसांचे, बारकावे त्याने जितके पाहिले आहेत, तितके फार थोड्यांनी पाहिले असतील. त्याच्या प्रबंधाची मी बाह्य परीक्षक होते आणि हे संपादकाला सांगणे आवश्यक होते.

यांपैकी कोणालाही मी आधी फोन केला नाही. ‘तुम्हाला वेळ आहे का’ एवढे विचारणे निरुपद्रवी वाटते, पण ठाणे खाडीच्या गाळावरचा पेपर असे म्हणताच ऐकणाऱ्याला लेखक कोण असतील, याचा अंदाज येतो. क्षेत्र इतके लहान आहे. ज्या नियतकालिकांत लेखकांची नावे परीक्षकांपासून लपवलेली असतात, तिथेही नमुन्यांच्या ठिकाणांवरून ओळख पटते. तेव्हा विचारणा करणे हे संपादकाचेच काम. एखादा रजेवर असेल, एखाद्याला सवड नसेल, ते संपादकाला दोन दिवसांत कळेल. हस्तलिखिताची प्रत पुढे पाठवणे तर अगदीच निषिद्ध. या प्रकरणात ती माझ्याकडे आलेलीच नव्हती, हेही निमंत्रण स्वीकारण्याआधीच नकार दिल्याने साधले.

पत्त्यांविषयी थोडे. प्रत्येक नावापुढे मी संस्थेच्या संकेतस्थळावरचा मेल पत्ता आणि ऑर्किड क्रमांक दिला. संशोधकाची ओळख पटवणारा हा सोळा अंकी क्रमांक असतो. माझ्या फोनमध्ये त्या तरुण संशोधकाचा खासगी जीमेल पत्ता होता, तो दिला नाही. सुचवलेल्या परीक्षकांच्या पत्त्यांविषयी संपादक आज इतके सावध का असतात, त्याला इतिहास आहे. २०१४ मध्ये सेज या प्रकाशनाने ‘जर्नल ऑफ व्हायब्रेशन अँड कंट्रोल’ या नियतकालिकातील ६० लेख मागे घेतले आणि २०१७ मध्ये स्प्रिंगरने ‘ट्यूमर बायोलॉजी’तील १०७ लेख मागे घेतले. दोन्ही ठिकाणी परीक्षणच बनावट निघाले होते. बनावट परीक्षणाची अशी जी प्रकरणे उघडकीस आली, त्यांत नाव खऱ्या शास्त्रज्ञाचे आणि मेल पत्ता मात्र बनावट, हा प्रकार वारंवार दिसतो. निमंत्रण त्या पत्त्यावर जाते आणि अनुकूल अहवालही तिथूनच येतो. लेखकांनी सुचवलेली नावे आणि नकार देणाऱ्या परीक्षकाने सुचवलेली नावे यांत फरक आहे, पण संपादकाच्या समोरची खिडकी तीच असते, आणि पडताळता येईल असा पत्ता दिला, की त्याचा शोधाशोधीचा वेळ वाचतो.

पत्र

बऱ्याच प्रणालींत नकाराच्या दुव्यावर टिचकी मारल्यावर एक पान उघडते. त्यात कारण निवडायचे असते आणि खाली पर्यायी नावांसाठी जागा असते. पुष्कळ जण ते पान रिकामेच बंद करतात. मी गुरुवारी सकाळी, पहिल्या तासिकेच्या आधी, पुढील आशयाचा मजकूर तिथे इंग्रजीत लिहिला. मराठीत तो असा होईल:

“परीक्षणासाठी माझा विचार केल्याबद्दल आभार. मला हे परीक्षण स्वीकारता येणार नाही. याच परिसरावरचे आणि याच पद्धतीने केलेले माझे एक हस्तलिखित येत्या तीन महिन्यांत पाठवले जाणार आहे. तसेच तिसऱ्या लेखकाबरोबर चार वर्षांपूर्वी माझा एक संयुक्त लेख प्रसिद्ध झाला आहे. मी फक्त निमंत्रणातला गोषवारा वाचला आहे. पुढील तीन नावे सुचवते, मात्र माझा हितसंघर्ष लक्षात घेऊन त्यांची पडताळणी आपण स्वतंत्रपणे करावी. पहिले नाव गाळातील धातूंच्या मोजणीसाठी. त्यांच्याशी माझा परिचय नाही. दुसरे निर्देशांकाच्या वापरासाठी; त्यांच्याशीही परिचय नाही, आणि या निर्देशांकाविषयी त्यांचे आणि माझे मत वेगळे आहे. तिसरे कृमींच्या वर्गीकरणासाठी. त्यांच्या प्रबंधाची मी परीक्षक होते. तिघांचेही या लेखकांबरोबर गेल्या पाच वर्षांतील सहलेखन मला आढळले नाही.”

यात हस्तलिखिताच्या गुणदोषांविषयी एकही शब्द नाही. नकार देताना ‘गोषवाऱ्यावरून काम फारसे नवे वाटत नाही’ असे जाता जाता लिहिणारे लोक मी संपादकाच्या खुर्चीतून पाहिले आहेत. ते सर्वांत घातक असते, कारण न वाचलेल्या हस्तलिखितावरचे हे मत कुठल्याही अहवालात नोंदले जात नाही. लेखकाला त्याला उत्तर देता येत नाही, आणि संपादकाच्या मनात मात्र ते घर करून राहते. अमुक एकाकडे हे पाठवू नका, असेही मी लिहिले नाही. तशी विनंती करण्याची सोय लेखकांना असते. नाकारणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला ती असू नये.

‘हितसंघर्ष’ एवढा एकच शब्द लिहून भागले असते का? नियमाने भागले असते. पण तेवढ्यावरून हा संघर्ष लेखकाशी असलेल्या मैत्रीचा आहे की वैराचा, की कामातल्या स्पर्धेचा, हे संपादकाला कळत नाही, आणि मग सुचवलेली नावे कोणत्या नजरेने पाहायची, हेही कळत नाही.

त्यानंतर

दुपारी संपादकांचे दोन ओळींचे उत्तर आले, आभाराचे. त्यांनी कोणाला विचारले, हे मला कळवले नाही आणि मी विचारलेही नाही.

साधारण महिन्याभराने, रविवारी सकाळी, त्या तरुण संशोधकाचा फोन आला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर तो म्हणाला, “मॅडम, एक विचारायचं होतं. अ‍ॅम्बीच्या यादीत आपल्या खाडीतली एक जात तिसऱ्या गटात टाकलेली आहे. तुम्हाला ते पटतं का?” त्याने जातीचे नाव सांगितले. त्याने परीक्षणाचा उल्लेख केला नव्हता. कदाचित तो स्वतःच्या कामासाठीच विचारत असेल. पण कदाचित ते हस्तलिखित त्याच्यासमोर उघडे असेल, आणि मग माझे उत्तर त्याच्या अहवालातून त्या लेखकांपर्यंत पोहोचले असते. ज्या दारातून मी बाहेर पडले होते, त्याच दारातून मी पुन्हा आत गेले असते.

मी त्याला म्हटले, “या जातीविषयी मी आत्ता कोणाशीच बोलत नाहीये रे, माझाच लेख जायचा आहे. तू मूळ वर्णन काढून बघ आणि तुला जे दिसेल ते लिही.” तो क्षणभर थांबला. मग “बरं मॅडम, कळलं,” म्हणाला आणि त्याने विषय बदलला.

माझे हस्तलिखित मी ठरल्या वेळी दुसऱ्या एका नियतकालिकाकडे पाठवले. संपादकांना लिहिलेल्या पत्रात एक वाक्य जादा होते: याच विषयावरच्या एका अप्रकाशित हस्तलिखिताचा गोषवारा परीक्षणाच्या निमंत्रणातून माझ्या वाचनात आला होता, ते परीक्षण मी नाकारले, आणि त्या तारखेची आमच्या मसुद्याची प्रत मागितल्यास उपलब्ध आहे. ती प्रत त्यांनी मागितली, आणि मी त्याच दिवशी पाठवून दिली.